धागा : ताजमहालातील पच्चीकारी – खड्डा आधी खोदला की दगड आधी घासला?

गवाक्ष
आग्र्याला ताजमहालातील शहाजहानच्या कबरीचा दर्शनी चौथरा जवळून पाहिल्यापासून एक प्रश्न मनात आहे आणि जाणकारांनी त्यावर सविस्तर लिहावे अशी विनंती आहे. त्या चौथऱ्यावर खसखशीच्या फुलांसारखी दिसणारी लाल फुले पच्चीकारीने, म्हणजे रंगीत दगडाचे तुकडे संगमरवरात जडवून, बसवलेली आहेत. एकेका पाकळीत लाल रंगाच्या दोन-तीन छटा आहेत, पाकळ्यांच्या कडा आत-बाहेर वळतात आणि तरीही दगड व संगमरवर यांच्यामधला सांधा केसाएवढाही दिसत नाही. मार्गदर्शकाने सांगितले की कारागीर आधी संगमरवरात फुलाच्या आकाराचा खड्डा कोरत आणि मग त्या खड्ड्याच्या मापाने रंगीत दगडाचा तुकडा घासून त्यात ठोकून बसवत. मला हे पटत नाही. खड्ड्याच्या आतल्या कोपऱ्याचे माप इतके अचूक घ्यायचे तरी कसे, आणि कठीण दगडाचा तुकडा शेवटच्या क्षणी जराही मोठा निघाला तर त्याचे काय करायचे? प्रत्यक्षात क्रम काय होता?

पांथस्थ
मार्गदर्शक बरोबरच सांगत होता. पच्चीकारी ही मुळात इटालियन कला आहे. फ्लॉरेन्समध्ये 1588 साली मेदिची घराण्याने कठीण दगडांच्या कामासाठी कारखाना स्थापन केला आणि तेथून हे तंत्र मोगल दरबारात आले. एका फुलात चौसष्ट तुकडे असतात आणि ते एका गुप्त पाककृतीच्या डिंकाने चिकटवलेले आहेत. ती पाककृती आजही आग्र्याच्या काही घराण्यांनाच ठाऊक आहे आणि ते ती जावयालासुद्धा सांगत नाहीत.

खंबायत
गवाक्षताई, तुमची शंका अगदी योग्य ठिकाणी बोट ठेवणारी आहे. मी गुजरातेत अकीक या कठीण रंगीत दगडाला घासण्याच्या धंद्यात वाढलो आणि पुढे काही काळ आग्र्याच्या ताजगंजमधील एका कारखान्यात दगड पुरवण्याच्या निमित्ताने येणे-जाणे झाले. आज तेथे जे काम चालते त्यावरून सांगतो. क्रम मार्गदर्शकाच्या सांगण्याच्या नेमका उलट आहे. आधी दगड घासला जातो, आणि खड्डा त्या दगडाच्या मापाने कोरला जातो.

याचे कारण समजण्यासाठी दोन दगडांच्या काठिण्यातला फरक लक्षात घ्यावा. काठिण्य एक ते दहा आकड्यांत सांगणाऱ्या मोहस् यांच्या श्रेणीवर संगमरवर तीनच्या आसपास बसतो, तर अकीक आणि जास्पर साडेसहा ते सात या दरम्यान येतात. चांगल्या पोलादाच्या छिन्नीने संगमरवर सहज तासता येतो, पण अकिकावर तीच छिन्नी चालवली तर दगडावर ओरखडाही उठत नाही आणि जोर केला तर दगड कपच्यांनी फुटतो. अकीक कापायचा तर त्याहून कठीण काहीतरी त्यावर घासावे लागते आणि ते काम कुरुंदाची पूड करते, जिचे काठिण्य नऊ आहे. म्हणजे ज्याच्या आकारात दुरुस्ती करणे वेळखाऊ आणि जोखमीचे आहे तो दगड आधी पक्का करायचा, आणि ज्याला हवे तसे वळवता येते त्या संगमरवराला त्याच्याशी जुळवून घ्यायला लावायचे. शेवटच्या क्षणी काही कमी-जास्त झाले तर छिन्नीच्या एका हलक्या ठोक्याने खड्डा रुंदावता येतो. उलट क्रमाने केले तर प्रत्येक चूक सात काठिण्याच्या दगडावर निस्तरावी लागेल.

मराठवाडी
विषय अत्यंत आवडीचा आहे. आमच्या संभाजीनगरच्या बीबी का मकबऱ्यातसुद्धा अशीच नक्षी आहे, आणि ती कशी केली हे कोणी सांगू शकेल काय? लहानपणापासून पाहत आलो आहे. तेथील फुलांच्या वेलबुट्ट्या उंचावलेल्या आहेत, त्यामुळे त्या दगडात बसवलेल्या असाव्यात असा माझा समज आहे.

चुनखडी
मराठवाडी, बीबी का मकबरा आणि ताज यांची तुलना नेहमी होते, पण या बाबतीत ती दोन वेगळ्या जातींची कामे आहेत. मकबरा आझमशहाने आपली आई दिलरास बानू बेगम हिच्यासाठी सतराव्या शतकाच्या मध्यानंतर बांधवला. तेथे संगमरवर खालच्या पट्ट्यात आणि घुमटावर वापरला आहे. मधला मोठा भाग आपल्याकडच्या काळ्या दगडाचा असून त्यावर बारीक चुन्याचा घोटीव गिलावा आहे. तुम्ही उंचावलेल्या म्हणता त्या वेलबुट्ट्या त्या गिलाव्यात ओल्यावर घडवलेल्या आहेत. त्यात रंगीत दगड बसवलेला नाही. जे जडावकाम सपाट असते आणि बोट फिरवले तरी काही लागत नाही, त्यालाच पच्चीकारी म्हणता येईल. उठाव दिसला की प्रथम गिलावा किंवा कोरीवकाम यांची शंका घ्यावी.

आता मूळ प्रश्नाकडे. मी दगडाच्या जतनाच्या कामात आहे आणि खंबायतकाकांनी सांगितलेला क्रम मलाही पटतो. मात्र सर्व आकारांना तो सारखाच लागू होतो असे मला वाटत नाही. फुले आणि पाने यांच्याबाबतीत तो बरोबर असेल. परंतु देठ, वेलीचे तंतू आणि कमानीभोवतीच्या काळ्या रेषा यांचे काय? वीतभर लांबीचा, गव्हाच्या काडीएवढा देठ एकाच तुकड्यात आधी घासून ठेवणे व्यवहार्य नाही. तो घासताना मोडेल.

खंबायत
चुनखडी, मान्य. देठ आणि वेलीचे तंतू यांच्यासाठी आधी चर खोदतात आणि मग एकामागून एक लहान तुकडे त्या चरात बसतील असे घासत पुढे जातात. ते तुकडे टोकाला टोक लावून बसतात. भिंग घेऊन पाहिले तर लांब देठात आडवे सांधे दिसतात. चर जवळजवळ एकाच रुंदीचा असल्याने तुकड्याच्या दोनच बाजू जुळवाव्या लागतात. फुलाच्या पाकळीला मात्र सर्व बाजू जुळाव्या लागतात आणि शिवाय शेजारच्या पाकळीलाही टेकावे लागते. म्हणून फुलाचा क्रम वेगळा.

गवाक्षताईंनी फूल विचारले आहे म्हणून एक पाकळी पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगतो. हे वर्णन आजच्या हातकामावरून आहे. सतराव्या शतकातही अवजारे याच जातीची होती असे मानायला जागा आहे, कारण विजेची मोटर सोडली तर यातले काहीही आधुनिक नाही.

सुरुवात दगडाच्या निवडीपासून होते आणि माझ्या मते अर्धे काम तेथेच होते. तांबड्या पाकळीसाठी लाल अकीक लागतो. गुजरातेत रतनपूरच्या बाजूला जो अकीक निघतो तो खाणीतून बहुधा भुरका किंवा पिवळसर निघतो. तो आधी उन्हात वाळवतात आणि मग मातीच्या भांड्यांत भरून गोवऱ्यांच्या आचेत भाजतात. दगडातल्या लोहाचे पाणी उडते आणि रंग लाल होतो. सर्व भाग सारखा लाल होत नाही, आणि पच्चीकाराला नेमके हेच हवे असते. एकाच खड्यात एका बाजूला नारिंगी झाक आणि दुसऱ्या बाजूला गडद रक्तवर्ण असला, तर तो खडा अशा दिशेने कापतात की गडद भाग पाकळीच्या बुडाशी आणि फिकट भाग टोकाशी यावा. छटा रंगाने दिलेली नसते, ती दगडातून शोधून काढलेली असते. जिथे एका खड्यात ती सापडत नाही तिथे पाकळीचे दोन-तीन तुकडे करतात आणि त्यांचा सांधा पाकळीच्या शिरेच्या जागी आणतात, म्हणजे तो सांधा नक्षीचा भाग वाटतो.

मग खड्याची चकती काढतात. त्यासाठी वाकवलेल्या लवचीक काठीला ताणलेली तार असते, धनुकलीसारखी. तारेला दात नसतात. कुरुंदाची पूड पाण्यात कालवून तारेच्या वाटेवर सोडत राहायची आणि तार पुढे-मागे ओढत राहायची. कापण्याचे काम पूड करते, तार फक्त तिला दाबून धरते. चकती सुमारे दोन-तीन मिलिमीटर जाडीची पुरते. त्यावर पाकळीचा आकार आखला की बाहेरचे जास्तीचे भाग काढून टाकायचे, आणि उरलेला आकार साणेवर आणायचा.

साण म्हणजे लाखेत कुरुंदाची पूड मिसळून ओतलेले लहान चाक. कारागीर जमिनीवर बसतो, एका हाताने दोरी बांधलेला गज ओढून-सोडून चाक फिरवतो आणि दुसऱ्या हाताच्या दोन बोटांत तो नखाएवढा तुकडा धरून चाकाच्या कडेला लावतो. बाहेर फुगलेली कड चाकाच्या सपाट भागावर होते, पण आत वळणाऱ्या कडेसाठी चाकाची धार लागते आणि त्या वळणाचा व्यास चाकाच्या धारेपेक्षा लहान असू शकत नाही. म्हणून अतिशय अरुंद खाचा एका तुकड्यात दिसत नाहीत. नक्षीत तशी खाच हवी असेल तर आकार दोन तुकड्यांत विभागतात. फुलाचे तुकडे वाढण्यामागे शोभेपेक्षा हे कारण जास्त आहे.

गवाक्ष
काका, हे वाचून बरेच उलगडले. एक विचारते. तुकड्याची कड सरळ उभी ठेवतात की तिरकी? कारण वरून सांधा अदृश्य हवा आणि आत चिकटवण्याच्या पदार्थाला जागाही हवी, या दोन्ही गोष्टी एकदम कशा साधतात?

खंबायत
तिरकी. तुकडा वरच्या तोंडाशी पूर्ण मापाचा असतो आणि खाली जाताना किंचित आत घेतात. त्यामुळे शेजारच्या दोन तुकड्यांच्या फक्त वरच्या कडा एकमेकींना टेकतात, आणि खाली जी पोकळी राहते तिच्यात चिकटवण्याचा पदार्थ बसतो. कडा खालपर्यंत सरळ ठेवल्या तर चिकट पदार्थाला वर येण्यावाचून मार्ग राहत नाही आणि सांध्यात रेष दिसते. म्हणून सांधा दिसू लागला की निम्म्या वेळा कारागिराने मागची कड घेतलेली नसते.

तुकडे तयार झाले की ते सर्व एका सपाट पृष्ठावर जुळवून पाहतात. मग संगमरवराच्या फळीवर गेरूचा पातळ हात देतात. त्यावर तुकडे मांडून लोखंडी टोकदार सुईने प्रत्येकाच्या कडेने रेघ ओढतात. लाल पृष्ठावर सुईची रेघ पांढरी उठून दिसते. त्या रेघेच्या आतल्या अंगाने बारीक छिन्नीने खड्डा उतरवतात. खोली तुकड्याच्या जाडीपेक्षा थोडी कमी ठेवतात आणि तळ मुद्दाम खडबडीत राहू देतात, कारण गुळगुळीत तळाला काहीही धरत नाही. तुकडा आत टाकून पाहायचा, जिथे अडतो तिथे संगमरवर खरवडायचा, पुन्हा टाकायचा. गेरू शेवटी धुऊन जातो.

सुनंदा_म
मी इथे पहिल्यांदाच लिहिते आहे. माझ्याकडे आग्र्याहून आणलेली पच्चीकारीची गोल तबकडी आहे. स्वयंपाकघरातल्या ओट्यावर ठेवली होती आणि तिच्यावर गरम पातेले ठेवल्यानंतर काही पानांचे तुकडे हलू लागले. विकणाऱ्याने ती खऱ्या संगमरवराची आणि खऱ्या रत्नांची असल्याचे सांगितले होते. ती फसवणूक आहे का, हे कसे ओळखावे? आणि तुकडे पुन्हा कसे बसवावे?

खंबायत
सुनंदाताई, तुकडे हलले म्हणून तबकडी खोटी ठरत नाही. उलट उष्णतेने हलले याचा अर्थ ते बहुधा लाखेवर आधारित पदार्थाने बसवले असावेत, आणि लाख गरम केली की मऊ होते. बसवतानाही ती गरम करूनच ओततात. त्यामुळे तबकडीवर गरम भांडे ठेवणे मात्र बंद करावे. हललेला तुकडा सुट्टा निघत असेल तर काढून ठेवा, खड्ड्यातील जुना थर खरवडू नका आणि घरी कोणताही तीव्र डिंक लावू नका. डिंक सांध्यातून वर आला तर तो संगमरवरात मुरतो आणि डाग निघत नाही. पच्चीकाराकडेच बसवून घ्यावे.

खरे-खोटे ओळखायचे तर रात्री खोलीतला दिवा बंद करून बारीक टॉर्च लाल पाकळीवर टेकवा. अकीक असेल तर तो आतून निखाऱ्यासारखा उजळतो. रंगवलेली चुन्याची पूड किंवा अपारदर्शक काच तशी उजळत नाही. मात्र हीच परीक्षा निळ्या पानाला लावू नका, कारण लाजवर्द खरा असला तरी त्यातून उजेड जात नाही. फळीसाठी मागच्या बाजूला, न दिसणाऱ्या जागी, नखाने ओरखडून पाहा. नखाने पांढरी पूड निघाली तर तो संगमरवर नसून मऊ शंखजिरा आहे. भारतात अनेक स्वस्त वस्तू त्याच दगडाच्या असतात.

पांथस्थ
गुप्त डिंकाबद्दल मी लिहिले ते थट्टेवारी नेले जात आहे असे दिसते. पण तुम्हीच म्हणता की लाख उष्णतेने मऊ होते. मग ताजच्या बाहेरच्या कमानीवरील तुकडे साडेतीनशे वर्षांहून अधिक काळ उन्हाळ्यात टिकले कसे? आग्र्याच्या मे महिन्याचा ताप सर्वांना माहीत आहे. काहीतरी विशेष पदार्थ असलाच पाहिजे.

चुनखडी
पांथस्थ, हा मुद्दा चांगला आहे आणि यावर एकमत नाही, हे स्पष्ट लिहितो. पांढरा संगमरवर ऊन बरेचसे परतवतो, त्यामुळे त्याचे पृष्ठ काळ्या दगडाइतके तापत नाही. पण भर उन्हात काळ्या दगडाचे अक्षर नक्कीच जास्त तापत असणार, आणि तिथे नुसती लाख किती टिकेल याबाबत मी साशंक आहे. माझा अंदाज असा की बाहेरच्या मोठ्या तुकड्यांसाठी बारीक चुन्याचा गारा किंवा चुना-डिंकाचे मिश्रण आणि आतल्या नाजूक कामासाठी लाखेसारखा पदार्थ, असा फरक असावा. चुन्याला तापमानाची भीती नसते, पण तो जाड थर मागतो, म्हणून तो नखाएवढ्या पाकळीला सोयीचा नाही. हा अंदाज आहे, निष्कर्ष नाही. गुप्त पाककृतीची गरज मात्र मला भासत नाही. खड्ड्याची बसणी जितकी घट्ट तितका चिकट पदार्थावरचा भार कमी, आणि या कामात बसणी फार घट्ट असते.

आणि आत-बाहेरचा फरक चिकट पदार्थापुरता नाही. बाहेरच्या कमानींच्या कोपऱ्यांत जी वेलबुट्टी आहे ती उंचावर आणि दुरून पाहायची आहे, म्हणून तिचे तुकडे मोठे व आकार सोपे आहेत. कुराणातील वचनांची काळी अक्षरे तर तुलनेने मऊ काळ्या दगडाची आहेत. तो दगड छिन्नीने घडतो, त्याला कुरुंदाच्या तारेची गरज नाही. सर्वांत कठीण दगड आणि सर्वांत लहान तुकडे कबरीवर आणि तिच्याभोवतीच्या जाळीवर एकवटलेले आहेत. लोक ज्याला ताजची पच्चीकारी म्हणतात ती तीन दर्जांची कामे आहेत आणि तिन्हींना एकच नियम लावला की गोंधळ होतो.

गवाक्ष
चुनखडीजी, जाळीबद्दल आपण थोडे अधिक लिहाल का? तेथे तर दगड आरपार कोरलेला आहे आणि त्याच्या अरुंद पट्ट्यांवर पुन्हा फुले आहेत.

चुनखडी
जाळीची कथा रंजक आहे. 1631 साली मुमताज बुऱ्हाणपूरला वारली, पुढे देह आग्र्याला आणला गेला आणि कबरीभोवती प्रथम मीनाकारी केलेला सोन्याचा कठडा होता. तो काढून 1643 साली आजची संगमरवरी जाळी बसवली. दरबारी इतिहासकार लाहोरीच्या नोंदीनुसार तिला दहा वर्षे आणि पन्नास हजार रुपये लागले. सोने लुटले जाईल या भीतीने बदल केला असे सांगितले जाते.

जाळीच्या अरुंद चौकटींत पच्चीकारी करायची तर कामाचा क्रम जोखमीचा होतो. आधी जाळी आरपार कोरली तर फळी अशक्त होते आणि छिन्नीचे ठोके तिला भेग पाडू शकतात. आधी फुले बसवली तर जाळी कोरताना बसलेले तुकडे धक्क्याने सैल होतील. माझे मत असे की चौकटीचा भाग भरीव असताना त्यात खड्डे व दगड बसवून, मधला आरपार भाग नंतर कोरला असावा, कारण फुले चौकटीच्या काठावर आहेत आणि जाळीचे कोरीव भाग मध्ये आहेत. पण मी हे प्रत्यक्ष खुणांवरून सिद्ध करू शकत नाही.

खंबायत
या मुद्द्यावर मी वेगळे मत मांडतो. जाळीकाम करणारे हात वेगळे आणि पच्चीकार वेगळे असतात. आजही जाळी कोरून आल्यावरच फळी पच्चीकाराकडे येते. फळी वाळूच्या किंवा गोणपाटाच्या गादीवर सपाट टेकवली आणि छिन्नीचा ठोका हलका ठेवला तर भेग पडत नाही. खड्डा केवळ दोन-तीन मिलिमीटर खोल असतो, त्यासाठी जोरदार ठोका लागतच नाही.

पांथस्थ
आणि इटालियन प्रभावाचा मुद्दा कोणी घेतलाच नाही. दिल्लीच्या लाल किल्ल्यातील सिंहासनामागच्या भिंतीवर फ्लॉरेन्सच्या बनावटीच्या तबकड्या आहेत, आणि त्यांतल्या एकीवर चक्क ग्रीक पुराणातला गायक ऑर्फियस वाद्य वाजवताना दिसतो. हे मी स्वतः पाहिले आहे. मग इटालियन कारागीर आले नव्हते असे कोणी कसे म्हणेल?

चुनखडी
तबकड्यांबद्दल तुमचे म्हणणे बरोबर आहे. 1857 नंतर त्यांतल्या काही काढून इंग्लंडला नेल्या गेल्या होत्या, त्या व्हाइसरॉय कर्झनच्या काळात परत आणल्या आणि एका इटालियन कारागिराकडून दुरुस्त करवल्या. पण त्या तबकड्यांचीच रचना पाहिली तर फरक कळतो. फ्लॉरेन्सच्या पद्धतीत चित्र आणि पार्श्वभूमी दोन्ही तुकड्यांची असतात. काळ्या दगडाच्या पार्श्वभूमीचेही तुकडे कापून ते चित्राच्या कडेला टेकवतात आणि सर्व जुळणी मागच्या फळीवर चिकटवतात. म्हणजे तिथे खड्डा नसतोच. आग्र्यात पार्श्वभूमी म्हणजे एकसंध संगमरवर आणि त्यात खोदलेले खड्डे. दोन्हींमध्ये तार, कुरुंद आणि साण सारखी असली तरी जुळणीचा विचार वेगळा आहे.

शिवाय दगडात दगड बसवण्याची सवय येथे आधीपासून होती. दिल्लीत हुमायूनच्या कबरीवर तांबड्या वालुकाश्मात पांढरा संगमरवर बसवलेला आहे, आणि आग्र्यातच नूरजहानने वडिलांसाठी 1622 ते 1628 या काळात बांधवलेल्या इतिमादुद्दौलाच्या कबरीवर भिंती रंगीत दगडांनी भरल्या आहेत. तेथे बरेच दगड मऊ जातीचे आणि नक्षी भौमितिक, शिवाय सुरया, प्याले व सायप्रसची झाडे. ताजमध्ये जे नवे झाले ते हे की कठीण दगडांतून छटांसह फूल काढले गेले. त्या एका टप्प्यावर युरोपीय नमुन्यांनी किती हात दिला याबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत. तबकड्या आल्या होत्या, तेव्हा त्या पाहून कोणी काहीच शिकले नाही असे मी म्हणणार नाही. पण संपूर्ण श्रेय बाहेरच्यांना देण्याइतका पुरावाही नाही.

चौसष्ट तुकड्यांबद्दल एवढेच म्हणेन की तो आकडा प्रत्येक मार्गदर्शकाकडे थोडा वेगळा असतो. मोठ्या फुलात तुकडे साठाच्या पुढे जातात, लहान फुलात पाच-सहाही असतात.

मराठवाडी
मकबऱ्याचे स्पष्टीकरण मिळाले, धन्यवाद. पण एक गोष्ट मला अजून समजली नाही. तुकडे बसवल्यावर वरून घासून गुळगुळीत करतात असे ऐकले आहे. दगड कठीण आणि संगमरवर मऊ असेल तर घासताना संगमरवर जास्त झिजणार नाही काय?

खंबायत
मराठवाडी, हा प्रश्न धंद्यातल्या माणसाचा आहे. होय, झिजतो, आणि हेच या कामातले सर्वांत मोठे दुखणे आहे. म्हणून तुकडा बसवण्यापूर्वीच त्याचे वरचे तोंड जवळजवळ पूर्ण घासून चकाकते करून ठेवतात, आणि तो पृष्ठाच्या थोडा वर राहील असा बसवतात. मग सर्व मिळून घासताना दाब सपाट फळीवरून देतात, बोटाने किंवा कापडाने नाही. कापड मऊ असल्याने ते संगमरवरात खोल जाते आणि अकीक उंचवट्यासारखा राहतो. कुरुंदाची पूड क्रमाने बारीक करत जायची, आणि शेवटी कथिलाच्या भस्माने चमक द्यायची. चांगल्या कामाची परीक्षा अशी की डोळे मिटून बोटाचा शेंडा फुलावरून न्यावा आणि पाकळी कुठे सुरू झाली हे कळू नये. घाईच्या कामात पाकळीची कड लगेच हाताला लागते. जुन्या कामात मात्र हाच उंचवटा उलट कारणाने येऊ शकतो, कारण शतकानुशतकांच्या हवा-पाण्याने आणि स्पर्शाने संगमरवर झिजलेला असतो.

चुनखडी
आणि तीच झीज जतनाच्या दृष्टीने महत्त्वाची ठरते. बाहेरच्या भागात आम्लयुक्त हवेने संगमरवराच्या कडा गोल होतात, सांधा उघडतो, पाणी आत जाते आणि तुकडा खालून सुटतो. बोटाच्या हाडाने हलकेच ठोकले तर सुटलेल्या तुकड्याचा आवाज पोकळ येतो, पक्क्या तुकड्याचा बंद येतो. ताजच्या ज्या भागांतील दगड गेलेले आहेत ते सर्वच या कारणाने गेलेले नाहीत. अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत लुटालूट झाली आणि चाकूने दगड काढून नेणारे पर्यटकही होते, असे त्या काळच्या लेखनात आढळते. रिकामे खड्डे पाहणे मला मात्र आवडते, कारण गवाक्षताईंच्या प्रश्नाचे उत्तर तेथेच मिळते. तळ खडबडीत आहे, कड छिन्नीची आहे, आणि खड्ड्याच्या आतल्या कोपऱ्यात छिन्नीचे टोक एका ठोक्यात जिथे थांबले तेथेच ते दिसते.

गवाक्ष
मग आता माझा दुसरा प्रश्न. मोठ्या वेलीची नक्षी दोन संगमरवरी फळ्यांच्या सांध्यावरून पलीकडे जाते, तेव्हा ते काम फळ्या भिंतीवर बसवल्यावर केले असेल की आधी?

खंबायत
कबरीच्या फळ्यांवर मी जमिनीवरच केले असे म्हणेन, कारण साणेजवळ बसून पुन्हा पुन्हा तुकडा बसवून पाहायला फळी आडवी लागते. उंच कमानीबद्दल सांगता येत नाही. सांध्याजवळचे तुकडे शेवटी बसवायला रिकामे ठेवले आणि फळ्या वर चढवल्यावर ते पूर्ण केले, असे करता येते.

चुनखडी
मी असहमत आहे. रिकामे ठेवायचेच असतील तर फक्त सांध्यावरचा तुकडा पुरेसा नाही, त्याच्या दोन्ही बाजूंचे देठही जुळावे लागतात, आणि फळी भिंतीवर बसताना अर्ध्या मिलिमीटरने जरी खाली-वर झाली तरी सर्व रेषा मोडतात. उभ्या भिंतीवर चर खोदणे अवघड आहे, पण परांचीवर बसून सांधणाऱ्या कारागिरासाठी अशक्य नाही. पुढच्या वेळी कोणी आग्र्याला गेले तर दक्षिणेच्या मोठ्या कमानीच्या कोपऱ्यात दुर्बिणीने फळ्यांचा सांधा शोधून पाहावे, की वेल त्या सांध्यावर नेमकी तुटते, की एकच तुकडा सांध्यावरून दोन्ही फळ्यांत बसलेला आहे. दुसरे दिसले तर माझे म्हणणे खरे, पहिले दिसले तर काकांचे.